शेअर की कर्ज: हळर्णच्या काजूवर मांडलेला एक हिशेब

सप्टेंबर २०१२ मध्ये गोवा सरकारने खाणकाम थांबवले, आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचाही तसाच आदेश आला. डिचोली तालुक्यात शिरगाव, मये, पिळगावच्या रस्त्यांवरून खनिज वाहणारे ट्रक घरांसमोर उभे राहिले. ते बहुतेक कर्जावर घेतलेले होते. चीनमध्ये लोहखनिजाला मागणी जोरात होती तोवर एका ट्रकच्या फेऱ्यांतून दुसऱ्याचा हप्ता निघत होता, म्हणून ज्याच्याकडे एक ट्रक होता त्याने दोन घेतले. फेऱ्या बंद झाल्या त्या दिवशी उत्पन्न शून्यावर आले, हप्ता मात्र जिथल्या तिथे राहिला. पुढे सरकारला खाणबंदीच्या झळा बसलेल्या कर्जदारांसाठी कर्जसवलतीची योजना आणावी लागली.

त्याच पट्ट्यातली मोठी कंपनी सेसा गोवा. तिने २००९ साली धेंपो समूहाची खाण कंपनी १,७५० कोटी रुपयांना घेतली. तोवर सेसावर जवळपास कर्ज नव्हते. त्याच वर्षी तिने परदेशी बाजारातून ५० कोटी डॉलरचे परिवर्तनीय रोखे काढले, व्याज ५ टक्के, मुदत २०१४ पर्यंत. असे रोखे म्हणजे अर्धे कर्ज आणि अर्धे शेअर. भाव चढला तर रोखेधारक शेअर घेतो, नाही चढला तर मुद्दल परत मागतो. पैसे उभे करण्याचा हा मार्ग निवडला तेव्हा तीन वर्षांनी खाणीच बंद पडतील असे कोणाच्या कोष्टकात नसणार. सेसा मोठी होती. २०१३ मध्ये ती स्टरलाइटशी एकत्र झाली आणि तिच्या मागे दुसरे धंदे उभे राहिले. ट्रकवाल्याच्या मागे त्याची बागायत होती, तीही बऱ्याचदा बँकेकडे तारण.

दोघांसमोरचा प्रश्न मुळात एकच होता: नवे काम उभारायचे तर पैसा भागीदाराचा घ्यावा की बँकेचा? वित्तशास्त्रात या प्रश्नाला दोन हत्यारे वापरतात. एक, नफा किती असला म्हणजे दोन्ही मार्ग सारखेच पडतात तो आकडा. दुसरे, नफा थोडा हलला की भागधारकाच्या वाट्याचे उत्पन्न किती पट हलते तो आकडा. पहिल्याला तटस्थ बिंदू म्हणू, दुसऱ्याला वित्तीय तरफेची मात्रा. पाठ्यपुस्तकात दोन्ही सूत्रे शेजारी शेजारी असतात आणि परीक्षेत वेगवेगळी विचारली जातात. माझे म्हणणे इतकेच, की ती एकत्र वाचली नाहीत तर पहिले सूत्र माणसाला हमखास कर्जाकडे ढकलते.

खनिजाचा हिशेब फार मोठा आणि गुंतागुंतीचा होतो, म्हणून पेडणे तालुक्यातला साधा धंदा घेऊ. हळर्ण हे शापोरा नदीच्या काठचे गाव, आणि आजूबाजूच्या डोंगरउतारांवर काजू. तिथे काजूगर काढणारी एक छोटी खाजगी मर्यादित कंपनी आहे असे समजू. कंपनी कल्पनेतली आहे आणि आकडे हिशेबासाठी सोपे केलेले आहेत, पण धंद्याची रीत खरी आहे. काजू बी मार्च ते मे या दिवसांत विकत घ्यायची, सुकवून गोदामात भरायची आणि वर्षभर थोडी थोडी काढून वाफवायची, फोडायची, गर भट्टीत वाळवायचे, साल काढायची आणि आकाराप्रमाणे प्रतवारी लावायची. साधारण चार किलो बियांतून एक किलो गर निघतो. म्हणजे खर्चाचा मोठा भाग बियांचाच, आणि नफा म्हणजे बियांचा भाव आणि गराचा भाव यांच्यातली फट.

कंपनीचे १० लाख शेअर एकाच कुटुंबाकडे आहेत. नव्या बॉयलरसाठी, बी फोडण्याच्या यंत्रांसाठी आणि मोठ्या गोदामासाठी १ कोटी रुपये हवेत. मार्ग दोन. एक, बाहेरच्या कोणाला २० रुपये भावाने ५ लाख नवे शेअर द्यायचे. दोन, बँकेकडून ११ टक्क्यांनी मुदत कर्ज घ्यायचे, म्हणजे पहिल्या वर्षी व्याज ११ लाख.

आता नफा म्हणजे व्याज आणि कर भरण्याआधीचा नफा, असे धरून चालू. तो ४८ लाख झाला आणि कर २५ टक्के धरला, तर शेअरच्या मार्गाने ३६ लाख उरतात. ते १५ लाख शेअरांत वाटले की प्रति शेअर २ रुपये ४० पैसे. कर्जाच्या मार्गाने ११ लाख व्याज गेले, ३७ लाखांवर कर गेला, पावणेअठ्ठावीस लाख उरले आणि वाटेकरी दहाच लाख शेअर: प्रति शेअर २ रुपये ७७ पैशांच्या वर. कर्ज जिंकले. पण नफा १८ लाखांवर आला तर शेअरच्या मार्गाने ९० पैसे मिळतात आणि कर्जाच्या मार्गाने जेमतेम साडेबावन्न. मधे कुठेतरी दोन्ही सारखे होणार. तो आकडा काढायला लांबलचक समीकरणाची गरज नाही. नव्या कर्जाचे व्याज घ्यायचे, त्याला एकूण शेअरांनी गुणायचे आणि नव्या शेअरांनी भागायचे:

```
तटस्थ नफा = व्याज × एकूण शेअर ÷ नवे शेअर
          = ११ लाख × १५ ÷ ५ = ३३ लाख
```

३३ लाख नफ्यावर दोन्हीकडे १ रुपया ६५ पैसे पडतात, करून पाहावे. या सूत्रात कराचा दर कुठेच नाही. व्याजावर करसवलत मिळते म्हणून कर्ज स्वस्त, असे सगळे सांगतात, आणि ते खरेही आहे. पण दोन मार्गांची तुलना करताना कराचा गुणक दोन्ही बाजूंना सारखाच बसतो आणि कटून जातो. दर २५ असो की ३०, बिंदू ३३ लाखांवरच राहतो. मात्र नफा व्याजाच्याही खाली गेला तर वाचवायला करच उरत नाही आणि ही सवलत त्या वर्षी कागदावरच राहते.

हा ३३ लाखांचा आकडा आला कुठून? शेअर २० रुपयांना विकले तर १५ लाख शेअरांची किंमत होते ३ कोटी, आणि ३ कोटींचे ११ टक्के म्हणजे ३३ लाख. नवा भागीदार कंपनीची जी किंमत मान्य करतो, तिच्यावर धंद्याने बँकेच्या व्याजाइतका परतावा द्यायला हवा. त्याहून जास्त दिला तर कर्ज बरे, कमी दिला तर भागीदार बरा. म्हणून शेअरचा भाव बदलला की बिंदूही हलतो. कोणी ४० रुपये द्यायला तयार झाला, तर अडीच लाखच शेअर द्यावे लागतात, कंपनीची किंमत ५ कोटी होते आणि बिंदू ५५ लाखांवर जातो. आपल्या शेअरची खरी किंमत चाळीस रुपये आहे असे मालक अभिमानाने सांगतो आणि म्हणून कर्ज घेतो, हे उफराटे आहे. चाळीस रुपये देणारा माणूस खरोखर समोर असेल तर शेअर विकणेच परवडते.

आता दुसरे हत्यार. नफ्याला, नफ्यातून व्याज वजा करून उरणाऱ्या रकमेने भागायचे. ४८ लाखांवर कर्जाच्या मार्गाने ४८ भागिले ३७, म्हणजे सुमारे १.३. नफा १० टक्के घटला तर प्रति शेअर उत्पन्न १३ टक्के घटेल, आणि वाढला तर तितकेच वाढेल. ३३ लाखांवर ही मात्रा बरोबर दीड होते, आणि तो योगायोग नाही: दुसरे कोणतेही व्याज नसेल तर तटस्थ बिंदूवर ती नेहमी दोन्ही मार्गांतल्या शेअरसंख्यांच्या गुणोत्तराइतकी, इथे १५ भागिले १०, असते. २२ लाखांवर ती दोन होते, १८ लाखांवर अडीचच्या वर, १२ लाखांवर बारा. ११ लाखांवर भागाकारच होत नाही. मात्रा म्हणजे कंपनीला एकदा चिकटवलेला शिक्का नव्हे. नफा खाली येतो तशी ती वाढत जाते, म्हणजे वाईट वर्ष जवळ येईल तसा कर्जाचा जोर आपोआप चढतो. चांगल्या वर्षाच्या ताळेबंदावरून काढलेली १.३ ही मात्रा दाखवून कोणी बेफिकीर राहायला सांगत असेल, तर त्याला २२ लाखांवरची मात्रा विचारावी.

इथपर्यंत हिशेब कर्जाच्या बाजूने झुकतो. नेहमीचा नफा ४८ लाख, बिंदू ३३ लाख, मधे १५ लाखांची ऐसपैस जागा. पण काजूच्या धंद्यात एक गोष्ट अशा कोष्टकांतून हमखास सुटते. वर्षभराची बी दोन-तीन महिन्यांत घ्यायची असते. आपली कंपनी वर्षाला २०० टन बी घेते असे धरू. १२० रुपये किलोने ते २ कोटी ४० लाख होतात, आणि हा पैसा कोणी घरातून आणत नाही. बँकेची कॅश क्रेडिट असते. मेमध्ये ती शिगेला पोचते, बी संपत जाते तशी उतरते. वर्षाची सरासरी १ कोटी २० लाख आणि दर १० टक्के धरला, तर त्याचे व्याज १२ लाख. शेअर काढा नाहीतर कर्ज घ्या, हे १२ लाख दोन्हीकडे द्यावेच लागतात. मग बिंदू ३३ वर राहत नाही. त्यावर हे १२ चढतात आणि तो ४५ लाखांवर जातो.

नेहमीच्या ४८ लाखांवर हिशेब पुन्हा मांडू. शेअरच्या मार्गाने ३६ लाखांवर कर जाऊन २७ लाख, प्रति शेअर १ रुपया ८० पैसे. कर्जाच्या मार्गाने एकूण व्याज २३ लाख, उरलेल्या २५ लाखांतून करानंतर पावणेएकोणीस लाख, प्रति शेअर १ रुपया साडेसत्याऐंशी पैसे. कर्ज अजूनही पुढे आहे, साडेसात पैशांनी. आणि मात्रा? शेअरच्या मार्गाने १.३३, कर्जाच्या मार्गाने १.९२. साडेसात पैशांसाठी धक्का जवळजवळ दीडपट करून घ्यायचा, असा हा सौदा आहे. फक्त बिंदू पाहणारा म्हणेल, आपण ४५ च्या वर आहोत, घ्या कर्ज. दोन्ही आकडे शेजारी ठेवणारा असे पटकन म्हणणार नाही.

मग वाईट वर्ष किती वाईट असू शकते, हे बघावे लागते. ते बियांच्या भावावर ठरते. २०० टनांवर किलोमागे ५ रुपयांचा फरक म्हणजे १० लाख. बी १५ रुपयांनी महागली आणि गराचा भाव जागचा हलला नाही, तर ४८ लाखांतले ३० लाख गेले आणि १८ उरले. हे काही जगबुडीचे वर्ष नव्हे. गराचा भाव गोव्यात ठरत नाही. आफ्रिकेतून आलेली बी इतर राज्यांतल्या कारखान्यांत फोडली जाते आणि तो गर आपल्या गराचा भाव बाजारात चढू देत नाही. स्थानिक बी मात्र अवेळी पावसाने मोहर गळला की महागते. म्हणजे फट दोन्हीकडून आवळली जाऊ शकते. त्या १८ लाखांच्या वर्षी शेअरच्या मार्गाने प्रति शेअर ३० पैसे उरतात. कर्जाच्या मार्गाने व्याज २३ लाख, म्हणजे ५ लाखांचा तोटा, प्रति शेअर उणे ५० पैसे.

तरीही प्रति शेअर उत्पन्नाचे कोष्टक पूर्ण वाईट बातमी सांगत नाहीच, कारण त्याला मुद्दल दिसत नाही. १ कोटीचे कर्ज पाच वर्षांत फेडायचे तर वर्षाला २० लाख मुद्दल जाते. ते खर्चात धरले जात नाही, त्यामुळे नफ्यातून वजा होत नाही. ते रोकडीतून जाते. जमेची बाजू एवढीच, की यंत्रांचा घसारा, समजा १५ लाख, खर्चात धरलेला असतो पण हातातून गेलेला नसतो. चांगल्या वर्षी पावणेएकोणीस लाख नफा आणि १५ लाख घसारा मिळून पावणेचौतीस लाख हातात येतात, वीस लाखांचा हप्ता सहज जातो. वाईट वर्षी ५ लाखांचा तोटा वजा जाता घसाऱ्यातले १० लाखच उरतात, आणि हप्ता २० लाखांचा. दहा लाखांची खोट. ही खोट कुठून भरली जाते हे ओळखणे सोपे आहे. कॅश क्रेडिटचा उतारा दरवर्षीसारखा येत नाही, बी संपली तरी उचल तशीच राहते. हंगामी भांडवल म्हणून घेतलेला पैसा हप्त्यात गेला, याची ती खूण. पुढच्या मार्चला बी घ्यायला मर्यादेत जागा नसते, कमी बी घेतली जाते आणि नफा आणखी उतरतो. बँकेचा अधिकारी म्हणूनच प्रति शेअर उत्पन्न विचारत बसत नाही. तो विचारतो की हप्ता आणि व्याज यांच्या किती पट रोकड दरवर्षी हातात येते, आणि साधारण दीडपट दिसली तर त्याला बरे वाटते. शिवाय तो संचालकांची वैयक्तिक हमी घेतो. ती हमी आली की कंपनी मर्यादित असूनही घर आणि बागायत धोक्यात येते, आणि आपण डिचोलीच्या ट्रकवाल्याजवळ येऊन पोचतो.

ट्रकवाल्याचा हिशेब या भाषेत मांडला तर त्याला शेअर नव्हतेच. पण फेऱ्यांचा नफा आणि हप्ता ही जोडी तीच होती, आणि त्याचा नफा १० किंवा ३० टक्के घटला नाही, एका आदेशाने शून्य झाला. २०१४ मध्ये न्यायालयाने वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून खाणकाम सुरू करू दिले. फेब्रुवारी २०१८ मध्ये खाणपट्ट्यांचे दुसरे नूतनीकरण रद्द झाले आणि मार्चपासून काम पुन्हा थांबले. नफा शून्यावर आला की मात्रेचे सूत्र काहीच सांगत नाही. ते थोड्या हालचालीसाठी आहे. धंदा एका परवान्यावर, एका खरेदीदारावर किंवा एका रस्त्यावर उभा असेल, तर त्याचे वाईट वर्ष कोष्टकात शून्य म्हणूनच मांडावे लागते, आणि मग कर्जाची मर्यादा बिंदूवरून न ठरवता, कमाई थांबली तरी किती महिने हप्ता भरता येईल यावरून ठरवावी लागते.

मग हळर्णच्या कुटुंबाने शेअरच काढावेत का? तिथे वेगळीच अडचण आहे, आणि ती पैशांत मोजता येत नाही. खाजगी कंपनीला शेअर बाजारात विकता येत नाहीत. ओळखीतले, नात्यातले किंवा एखादा व्यापारी यांनाच द्यावे लागतात. आज कुटुंबाकडे सगळे शेअर आहेत. ५ लाख बाहेर गेले की त्यांचा हिस्सा दोन-तृतीयांश उरतो. साधे ठराव त्यांना अजूनही करून घेता येतात. पण कंपनी कायद्यात विशेष ठरावाला विरोधी मतांच्या किमान तिप्पट मते लागतात, म्हणजे सगळे मतदानाला आले तर ७५ टक्के. कंपनीची नियमावली बदलायची असो, नाव बदलायचे असो किंवा आणखी नवे शेअर बाहेरच्याला द्यायचे असोत, एक-तृतीयांश हिस्सा असलेला नवा भागीदार नाही म्हणाला की काम अडते. कुटुंबाला कोणालाही न विचारता विशेष ठराव करता यावा असे वाटत असेल, तर नवे शेअर सुमारे ३ लाख ३३ हजारांच्या पुढे देता येत नाहीत. हा आकडा तटस्थ बिंदूच्या सूत्रात कुठे येत नाही, पण घरातल्या चर्चेत सगळ्यात आधी येतो.

म्हणून या कंपनीपुरते मी अर्ध्याअर्ध्याचे कोष्टक करून पाहिले असते. ५० लाख कर्ज आणि २० रुपयांनी अडीच लाख शेअर. नवे व्याज साडेपाच लाख, कॅश क्रेडिटसह साडेसतरा. नेहमीच्या ४८ लाखांवर प्रति शेअर १ रुपया ८३ पैसे पडतात, म्हणजे नुसत्या कर्जापेक्षा साडेचार पैसे कमी. बियांनी दगा दिलेल्या १८ लाखांच्या वर्षी तोटा होत नाही, प्रति शेअर ३ पैसे का होईना उरतात. वर्षाचा मुद्दलाचा हप्ता १० लाख, आणि हातात येणारी रोकड घसाऱ्यासह सव्वापंधरा लाखांच्या वर, त्यामुळे कॅश क्रेडिटला हात लावावा लागत नाही. कुटुंबाकडे ८० टक्के मते राहतात. हे सगळे एका अटीवर अवलंबून आहे, की २० रुपयांना अडीच लाख शेअर घेणारा कोणीतरी मिळायला हवा. पंधरा रुपयेच देणारा भेटला, तर त्याच ५० लाखांसाठी ३ लाख ३३ हजार शेअर द्यावे लागतील, आणि कुटुंबाची मते बरोबर ७५ टक्क्यांच्या काठावर येतील.